नवीन फ्रंट लोड मशीन स्पिनला थडथडते, जागेवरून सरकते: ट्रान्झिट बोल्ट आणि पहिल्या धुण्यापूर्वीची मांडणी

दसरा-दिवाळीची खरेदी झाली की नागपुरात एक तक्रार हमखास कानावर येते. नवीकोरी फ्रंट लोड मशीन घरी आली, पाणी घेतले, कपडेही नीट धुतले. पण शेवटच्या स्पिनला असा काही दणदणाट सुरू झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर विचारायला आले, आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे सरकलेली दिसली. घरचे लोक मशीन सदोष निघाली असे समजून दुकानदाराला फोन लावतात, दुकानदार कंपनीचा नंबर देतो आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी येतो. अशा मशीनमध्ये फार क्वचित दोष असतो. बहुतेक वेळा मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट काढलेले नसतात, किंवा अर्धेच काढलेले असतात. आणि ते काढलेले असतील तर चार पायांपैकी एखादा पाय फरशीला टेकलेला नसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असण्याचे प्रमाणही कमी नाही, आणि मग एक दुरुस्त केली तरी मशीन थडथडतच राहते, म्हणून माणूस गोंधळतो.

हे बोल्ट मुळात का असतात, ते आधी स्पष्ट करून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. काचेच्या दारातून आपल्याला जो स्टीलचा, भोके असलेला ड्रम दिसतो, त्याच्याबाहेर प्लॅस्टिकचा एक मोठा टब असतो आणि पाणी त्या टबात साठते. हा टब पत्र्याच्या खोक्याला घट्ट बसवलेला नसतो. तो वरून स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खालून शॉक ॲब्सॉर्बरवर तोललेला असतो आणि त्याने फार हलू नये म्हणून त्याला काँक्रीटचे जड ठोकळे बांधलेले असतात. स्पिनच्या वेळी कपडे एका बाजूला जमले, तरी त्यांचे हिसके टबाने आपल्या अंगावर घ्यावेत आणि खोक्यापर्यंत थोडेच पोहोचावेत, अशी ही योजना आहे. मात्र हाच मोकळा, लटकता टब ट्रकमधून येताना प्रत्येक खड्ड्यात आदळून स्प्रिंग निसटवू शकतो. म्हणून कारखान्यातच मागच्या पत्र्यातून तीन किंवा चार लांब बोल्ट घालून टब खोक्याला आवळून टाकतात. मशीन घरी पोहोचली की त्यांचे काम संपते.

ते तसेच राहिले तर काय होते, याचा अंदाज थोड्या हिशेबाने येतो. साधारण ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल आणि कपड्यांचा तोल एका बाजूला केवळ ३०० ग्रॅमने बिघडला असेल, तर त्या ३०० ग्रॅमची बाहेरच्या दिशेची ओढ ११५ किलो वजनाच्या आसपास जाते. ही ओढ प्रत्येक फेरीला दिशा बदलते, म्हणजे सेकंदाला वीस वेळा. मशीनचे स्वतःचे वजन साठ-सत्तर किलो असते. टब मोकळा असेल तर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांतला बराचसा भाग मुरवतात. बोल्ट असतील तर तो सगळा सरळ पत्र्याला आणि पायांना बसतो. मशीन चालत सुटते ती यामुळेच. या हादऱ्यांनी बेअरिंग, टबावर बोल्ट बसण्याच्या प्लॅस्टिकच्या जागा आणि मागचा पत्रा यांना इजा होऊ शकते, आणि बोल्ट न काढता चालवल्याने झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. एकदा चुकून एखादे स्पिन झाले म्हणून मशीन वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. पण ‘बघू, कपडे कमी टाकून चालते का’ असे म्हणत पुन्हा पुन्हा चालवून पाहू नये.

ड्रम हाताने फिरतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही

सर्वांत जास्त दिशाभूल करणारी गोष्ट हीच आहे. मनीषनगरमधल्या एका फ्लॅटमध्ये मी मशीन पाहायला गेलो, तेव्हा घरच्या काकांनी दार उघडून ड्रमला हाताने गरगर फिरवून दाखवले आणि म्हणाले, “भाऊ, ड्रम तर एकदम मोकळा फिरून राहिला आहे, मग बोल्ट कुठून असतील?” त्यांचा तर्क चुकीचा वाटत नाही, पण बोल्ट ड्रमला धरतच नाहीत. ते बाहेरच्या टबाला धरतात. ड्रम टबाच्या आत बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे चारही बोल्ट जागेवर असले तरी तो पंख्यासारखा सहज फिरतो. याच कारणाने धुण्याचा भाग शांतपणे पार पडतो, कारण त्या वेळी ड्रम मिनिटाला पन्नासेक फेऱ्याच घेत असतो. गडबड उघडी पडते ती स्पिनला.

खरी तपासणी अशी करावी. मशीनचा प्लग काढून दार उघडावे, ड्रमची वरची आतली कड हाताने धरावी आणि ड्रम फिरवण्याऐवजी तो वर उचलून खाली सोडावा, मग थोडा मागे-पुढे ढकलावा. टब मोकळा असेल तर ड्रमसह तो सगळाच्या सगळा वर-खाली डुलतो, हाताला वजनदार पण लवचीक लागतो, आणि सोडल्यावर एखादा हेलकावा घेऊन जागेवर येतो. बोल्ट असतील तर तो भिंतीसारखा ताठ लागतो आणि जोर लावला की टबाऐवजी अख्खी मशीनच हलते. एखादाच बोल्ट राहिला असेल तर एक बाजू डुलते आणि दुसरी अडते; हा फरक हाताला स्पष्ट कळतो.

आवाजावरूनही ओळखता येते. निरोगी मशीनमध्ये स्पिन सुरू होताना, वेग वाढत असताना, काही सेकंद टब हेलकावतो, मशीन थोडी डोलते, आणि वेग आणखी वाढला की ती शांत होते. बोल्ट राहिलेल्या मशीनमध्ये उलट घडते: वेग जसजसा वाढतो तसतसा दणका वाढत जातो. पडद्यावर असमतोलाचा कोड, म्हणजे अनेक मशीनमध्ये दिसणारा `UE`, आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. बऱ्याच मशीन ड्रमच्या फिरण्यातल्या चढउतारावरून कपड्यांचा तोल मोजतात. मागे बोल्ट आहेत की नाहीत हे सांगणारी सोय त्यांत नसते.

मनीषनगरच्या त्या मशीनचे काय झाले

मशीन सात किलोची आणि १२०० फेऱ्यांची होती, आणि ती मागच्या वॉश एरियात ठेवलेली होती. पोहोचवणाऱ्या मुलांनी खोके सोडले, “बोल्ट काढले आहेत” असे सांगितले आणि ते निघून गेले. पहिल्याच स्पिनला ती एका फरशीएवढी पुढे आली आणि वायर ताणली गेली. कोणीतरी रबरी पॅड आणून पायांखाली ठेवा असे सुचवले, तेही करून झाले. पॅडमुळे सरकणे थोडे कमी झाले, पण हादरा तसाच राहिला, आणि घरातल्या सगळ्यांनी एकमताने दोष मशीनवर टाकला.

वर सांगितल्याप्रमाणे टब उचलून पाहिला तेव्हा उजवी बाजू डुलत होती आणि डावी खालची बाजू अडत होती. मशीन पुढे ओढून मागे पाहिले, तर पत्र्यावर चार भोके होती आणि त्यांत तीनच प्लॅस्टिकची झाकणे बसवलेली होती. चौथ्या भोकावरून ड्रेन पाइप आडवा क्लिपमध्ये अडकवलेला होता, आणि त्या पाइपखाली चौथा बोल्ट जसाच्या तसा होता. घाईत काढणाऱ्याला तो दिसलाच नसावा. एकच बोल्ट राहणे हे चारही राहण्यापेक्षा बरे, असे वाटू शकते. माझ्या मते ते उलट आहे. चारही असतील तर टब निदान खोक्याबरोबर एकजीव हलतो. एकच असेल तर टब त्या एका कोपऱ्याभोवती पिळवटतो आणि सगळा ताण त्या एका जागेवर येतो.

म्हणून बोल्ट ‘काढले आहेत’ हे कोणाच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये, ते मोजून घ्यावेत. मशीनच्या मागच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत त्यांची संख्या आणि जागा चित्रासह दाखवलेली असते. हातात आलेले बोल्ट, मोकळी झालेली भोके आणि सोबत आलेली झाकणे या तिन्हींची संख्या एकच असली पाहिजे.

बोल्ट काढण्याची रीत

बोल्ट काढण्यासाठी सोबत एक लहान पाना येतो. तो सापडला नाही तर मॉडेलप्रमाणे १०, १२ किंवा १३ नंबरचा पाना चालतो. शक्यतो रिंग पाना वापरावा, कारण मागे जागा कमी असल्याने साधा पाना निसटून बोल्टचे डोके गोल होते. पकडीने ओढाताण तर मुळीच करू नये. मशीन भिंतीपासून हातभर पुढे घ्यावी, पण ती पोटावर किंवा कुशीवर आडवी करू नये. बोल्ट उभ्या मशीनमध्येच निघतात.

आधी सगळे बोल्ट पान्याने सैल करावेत आणि मगच एकेक काढावा. येथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. बोल्टबरोबर रबर आणि प्लॅस्टिकचा एक जाड स्पेसर असतो, आणि पत्रा व टब यांच्यातले अंतर तोच धरून ठेवतो. नुसता बोल्ट फिरवून बाहेर आला आणि स्पेसर आतच राहिला, तर काम अर्धेच झाले. बोल्ट अर्धाअधिक सैल झाल्यावर त्याचे डोके हाताने धरून थोडे आत दाबावे, डावीकडे-उजवीकडे हलवावे, म्हणजे स्पेसर सुटतो. मग भोकाच्या रुंद भागाकडे सरकवून बोल्ट आणि स्पेसर एकत्रच बाहेर ओढावेत. रबर नवे असल्याने ते भोकाच्या कडेला चिकटून बसते आणि पहिल्यांदा निघता निघत नाही. अशा वेळी जोरात उपटण्यापेक्षा हलवत-हलवत काढलेले बरे. काही मशीनमध्ये याच बोल्टांना वायर किंवा पाइप धरणाऱ्या क्लिपा लावलेल्या असतात. त्या आधी सोडवाव्यात, नाहीतर वायर ओढली जाते.

चारही निघाले की झाकणे लगेच बसवावीत. भोके उघडी राहिली तर पाणी उडून आत जाते, आणि उंदीर, पाली यांना आयती वाट मिळते. बोल्ट आणि स्पेसर एका पिशवीत घालून पुस्तिकेबरोबर जपून ठेवावेत. पुढे घर बदलले आणि मशीन टेम्पोतून न्यायची वेळ आली, तर ते पुन्हा लावल्याशिवाय तिला हलवू नये. जुने भाड्याचे घर सोडताना हे बोल्ट सापडत नाहीत, अशी अडचण इतकी नेहमीची आहे की मी ते मशीनच्या वरच्या कपाटात ठेवायला सांगतो.

बोल्ट काढल्यावर खालचे पॅकिंगही पाहावे. अनेक मशीन थर्माकोलच्या बैठकीवर बसून येतात आणि त्या बैठकीचा मधला उंचवटा टब किंवा मोटर यांच्याखाली आत घुसलेला असतो. मशीन उचलून ठेवताना बैठक मोडली तर हा उंचवटा आतच अडकून राहतो, आणि मग बोल्ट नसतानाही टब खालून अडतो. दोघांनी मिळून मशीन थोडी मागे कलती करावी, एकाने ती धरून ठेवावी आणि दुसऱ्याने टॉर्चने खाली पाहावे. मशीन धरल्याखेरीज खाली हात घालू नये.

पाय, फरशी आणि उतार

चौथा बोल्ट काढल्यावर मनीषनगरच्या मशीनचा दणका गेला, पण वेगात एक बारीक खडखड राहिली. तिचे कारण फरशीत होते. आपल्याकडे वॉश एरिया किंवा मोरी बांधताना पाणी जाळीकडे वाहून जावे म्हणून फरशीला मुद्दाम उतार देतात. मीटरला एक सेंटिमीटर, इतका साधा उतार धरला, तरी साठ सेंटिमीटर रुंदीच्या मशीनच्या एका बाजूचे पाय दुसऱ्या बाजूपेक्षा सहा मिलिमीटर खाली जातात. शहाबादी किंवा कोटाची फरशी असेल तर तिचे तुकडेही एकमेकांशी सपाट नसतात. चारांपैकी तीन पाय नेहमीच टेकतात. प्रश्न चौथ्याचा असतो.

तो शोधण्यासाठी मशीनच्या वरच्या पृष्ठभागाचे समोरासमोरचे कोपरे, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, आळीपाळीने तळहाताने दाबावेत. मग दुसरी जोडी दाबावी. कुठेही किंचितशी टकटक झाली तर त्या कर्णावरचा एखादा पाय हवेत आहे. मशीनवर स्पिरिट लेव्हल, जिला आपले मिस्त्री नुसते लेव्हल म्हणतात, डावीकडून उजवीकडे आणि मग पुढून मागे ठेवून पाहावी. लेव्हल बरोबर दिसली तरी कोपरे दाबण्याची तपासणी चुकवू नये, कारण मशीन समपातळीत असूनही एक पाय हवेत असू शकतो.

पाय खाली घ्यायचा असेल तर आधी त्याची लॉक नट पान्याने सैल करावी, पाय हाताने फिरवून खाली घ्यावा आणि टेकल्यावर थांबावे. पायाच्या आट्यांप्रमाणे एका पूर्ण फेरीत तो साधारण दीड मिलिमीटर खाली येतो. म्हणजे सहा मिलिमीटरच्या फरकासाठी चार फेऱ्या. त्या घरी मागचा डावा पाय असाच चार फेऱ्यांच्या आसपास खाली घ्यावा लागला. शक्यतो एक तरी पाय पूर्ण आत ठेवावा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवावेत, कारण पाय जितके लांब निघतील तितकी मशीन डुलणार. शेवटी लॉक नट वर, खोक्याच्या तळाकडे घट्ट आवळावी. या एका पायरीला लोक विसरतात. नट सैल राहिली तर स्पिनच्या हादऱ्याने पाय स्वतःहून फिरत जातो आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार परत येते. मग ‘फिटिंगवाल्याने नीट केले नव्हते’ असे वाटते, पण त्याने केलेले त्या नटेने टिकू दिलेले नसते.

रबरी पॅडबद्दल लोक फार विचारतात. गुळगुळीत टाइलवर पाय घसरत असतील तर पॅडचा उपयोग होतो, पण मांडणीच्या चुकीवर तो उपाय नाही. मनीषनगरमध्ये मी ते काढून ठेवले आणि लेव्हल करून झाल्यावर त्यांची गरज पडली नाही. बाजारात मिळणारे चाकांचे स्टँड मात्र मी कोणालाही सुचवत नाही. पोछा मारायला सोय होते हे खरे, परंतु साठ-सत्तर किलोची, १२०० फेऱ्यांनी फिरणारी वस्तू चाकांवर ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. मोरीत पाणी साचत असेल आणि मशीन उंचावर हवीच असेल, तर विटा आणि सिमेंटचा भरीव, सपाट ओटा बांधून घ्यावा. लाकडी फळीवरही ती ठेवू नये, फळी मध्ये वाकते.

पाणी येणे आणि जाणे

ड्रेन पाइपची चूक बोल्टाइतकी आवाज करत नाही, म्हणून उशिरा लक्षात येते. आपल्या घरांत पाण्याची जाळी फरशीतच असते आणि पाइप सरळ तीत खोचून देणे सगळ्यांना सोपे वाटते. पण पाइप पूर्ण लांबीभर जमिनीवरूनच गेला, तर मशीन वरून पाणी भरत असते आणि ते खालून आपोआप वाहून जात असते. मशीन भरतच राहते, वेळ पुढे सरकत नाही, आणि काही मशीनमध्ये शेवटी पाणी न मिळाल्याचा कोड, `IE`, येतो. माणूस नळ तपासत बसतो, आणि पाणी मात्र मागे जाळीत चालले असते.

यासाठी ड्रेन पाइपचा एक भाग टबातल्या पाण्याच्या पातळीच्या वर गेला पाहिजे. बहुतेक पुस्तिकांत ही उंची जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर दिलेली असते. मशीनच्या मागे वरच्या बाजूला पाइप अडकवण्याची क्लिप असते. पाइप त्या क्लिपमधून वर नेऊन मग खाली जाळीत सोडावा, क्लिप सोडवून टाकू नये. टोक जाळीत वीतभरापेक्षा जास्त खोल घालू नये आणि त्याच्याभोवती कापड कोंबून किंवा सिलिकॉन लावून ते बंद करू नये. हवेला जागा राहिली पाहिजे. पाइप मशीन आणि भिंत यांच्यात दबून चेपला तर मात्र उलटा त्रास होतो, पाणी जातच नाही आणि `OE` सारखा कोड येतो. म्हणून मशीन मागे ढकलताना एका माणसाने बाजूने पाइपाकडे बघत राहावे.

येणाऱ्या पाण्याचे दोन मुद्दे आहेत. पहिला दाबाचा. मशीनच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला ठरावीक किमान दाब लागतो, आणि तो आकडा मशीनप्रमाणे बदलतो, ०.३ बार आणि ०.५ बार हे आकडे वारंवार आढळतात. टाकीतल्या पाण्याची उंची व्हॉल्व्हपेक्षा तीन मीटरने जास्त असेल तर साधारण ०.३ बार दाब मिळतो. म्हणजे तळमजल्यावरच्या मशीनला गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरतो, पण वरच्या मजल्यावर, टाकीच्या थेट खाली असलेल्या फ्लॅटमध्ये तो कमी पडू शकतो. अशा घरी मशीन मांडण्याआधीच पुस्तिकेतला आकडा पाहून घ्यावा. गरज असेल तर लहान प्रेशर पंप लावावा लागतो.

दुसरा मुद्दा गाळाचा. नव्या इमारतीत किंवा नुकत्याच बसवलेल्या नळात वाळू, सिमेंटचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे असतात, आणि बोअरच्या पाण्यात बारीक गाळ असतो. हे सगळे मशीनच्या व्हॉल्व्हमधल्या नखाएवढ्या जाळीत येऊन अडकते. म्हणून पाइप जोडण्यापूर्वी नळ पूर्ण उघडून एक-दोन बादल्या पाणी जाऊ द्यावे. पाइपाच्या दोन्ही टोकांत रबरी वॉशर आहे याची खात्री करावी, जोड हाताने घट्ट करावा आणि नंतर पान्याने फार तर पाव फेरी द्यावी. प्लॅस्टिकच्या आट्या जास्त आवळल्या की चिरतात, आणि ती चीर पहिल्या दिवशी दिसत नाही.

विजेबद्दल एवढेच: गरम पाण्याचा हीटर असलेली मशीन दोन किलोवॉटच्या आसपास वीज घेते, म्हणून तिला अर्थिंग असलेले १६ ॲम्पिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. एक्स्टेंशन बोर्डवर ती चालवू नये.

पहिले धुणे रिकाम्या ड्रमचे

कारखान्यात चाचणी झालेली असल्याने नव्या मशीनमध्ये थोडे शिळे पाणी आणि ग्रीसचा वास असतो. पहिली फेरी कपडे न घालता, ड्रम क्लीनवर, आणि तो कार्यक्रम नसेल तर कॉटन ६० अंशांवर, फ्रंट लोडसाठी असलेला साबण अगदी थोडा घालून चालवावी. बादलीतली साधी पावडर वापरू नये, तिचा फेस ड्रममध्ये मावत नाही आणि स्पिन अडतो. या फेरीत मशीन सोडून बाहेर जाऊ नये. पाणी भरताना नळाच्या आणि मशीनच्या मागच्या जोडावर कोरडा कागदी रुमाल लावून पाहावा. डोळ्यांना न दिसणारी गळती त्यावर लगेच उमटते. पाणी भरत असताना ड्रेन पाइपातून काही वाहत नाही ना, तेही पाहावे. शेवटच्या स्पिनला समोर उभे राहून वेग वाढताना मशीन शांत होत जाते की अधिक बिघडते, ते ऐकावे.

रिकाम्या ड्रमच्या स्पिनवर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये, कारण रिकाम्या ड्रममध्ये तोल बिघडण्यासारखे काही नसतेच. राहिलेला एखादा बोल्ट किंवा हवेतला पाय त्या वेळी लपून जाऊ शकतो. म्हणून दुसरी फेरी तीन-चार किलो मिश्र कपड्यांची करावी: एखादी चादर, दोन-तीन शर्ट, पँट, टॉवेल, असे लहान-मोठे कपडे. या फेरीत मशीन जागेवरून हलली नाही तर मांडणी बरोबर झाली असे धरायला हरकत नाही. मशीनच्या पुढच्या पायांजवळ फरशीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली तर सरकणे मिलिमीटरमध्ये कळते, अंदाजाने बोलावे लागत नाही. मनीषनगरमध्ये अशी रेघ मारली होती; कपड्यांच्या फेरीनंतर पाय रेघेवरच होते.

एकटाच जाड बाथमॅट, एकच ब्लँकेट किंवा ओले झालेले एकच पायपुसणे घातले आणि `UE` आले, तर तो मशीनचा किंवा मांडणीचा दोष नाही. एक जड वस्तू ड्रमच्या एका बाजूला चिकटते आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी वेग वाढवत नाही. तिच्यासोबत दोन-तीन टॉवेल टाकावेत.

बोल्ट मोजून निघाले, स्पेसर बाहेर आले, खालचा थर्माकोल गेला, चारही पाय टेकले, लॉक नट आवळल्या, मिश्र कपड्यांची फेरीही झाली, आणि तरीही दणका कायम असेल, तर स्वतः काही उघडू नये. त्या वेळी वाहतुकीत स्प्रिंग हुकातून निसटलेली असणे, शॉक ॲब्सॉर्बर तुटलेला असणे किंवा काँक्रीटच्या ठोकळ्याचा बोल्ट सैल झालेला असणे शक्य असते. प्लग काढून ड्रम हाताने डुलवताना टब एका बाजूला कललेला दिसला, किंवा आतून ठोकळ्याचा बद्द आवाज आला, तर शंका याच दिशेने घ्यावी. कंपनीच्या माणसाला बोलावल्यावर काढलेले सगळे बोल्ट आणि स्पेसर त्याच्यासमोर ठेवून त्यांची संख्या जॉब शीटवर लिहून घ्यावी, आणि ते कोणी व कोणत्या तारखेला काढले हेही त्यात नमूद करावे. पुढे वॉरंटीचा प्रश्न निघाला की पहिला प्रश्न बोल्टांचाच विचारला जातो.